मोठं गिऱ्हाईक, रिकामा गल्ला

प्रश्न : गडहिंग्लजमध्ये आमची बिस्किटं, साबण, चहा आणि मसाल्यांची एजन्सी आहे. शहरातल्या दुकानांशिवाय महागाव, नेसरी, हलकर्णी, आजरा या बाजूंनाही आमचा टेम्पो जातो. गेल्या वर्षी नेसरीच्या लाइनवर एक मोठं दुकान जोडलं. विक्री वाढली, पण महिनाअखेर हातात पूर्वीपेक्षा कमीच उरतं. आमचे हिशेबनीस सगळा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटून दाखवतात आणि म्हणतात, 'बघा, एकही गिऱ्हाईक तोट्यात नाही.' मग पैसा मुरतो कुठं? आणि एखादं गिऱ्हाईक खरंच तोट्याचं निघालं तर ते सोडून द्यावं का?
— एक वितरक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या हिशेबनीसांची बेरीज चुकलेली नाही, वाटणी चुकलेली आहे. त्यांनी वापरलेल्या रीतीने जगातलं कुठलंच गिऱ्हाईक तोट्यात दिसणार नाही. आधी ते का, ते पाहू. मग खर्च कसा वाटायचा ते पाहू, आणि शेवटी 'सोडायचं का' या प्रश्नाकडे येऊ. त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

समजुतीसाठी गोल आकडे घेतो. तुम्ही तुमचे भरा. महिन्याची विक्री ३० लाख आणि त्यावर ५ टक्के मार्जिन धरलं, तर हातात १,५०,००० रुपये येतात. एकूण खर्च १,३०,००० आणि शिल्लक २०,०००. आता हा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटला की प्रत्येक शंभर रुपयांच्या विक्रीवर ४ रुपये ३३ पैसे खर्च बसतो आणि ६७ पैसे नफा दिसतो. दीड लाखाच्या दुकानावर १,००० रुपये नफा, अठरा हजारांच्या दुकानावर १२०. सगळे नफ्यात आणि जितका मोठा तितका चांगला! पण हा निष्कर्ष हिशेबातून निघालेला नाही, तो आपणच आत घातलेला आहे. खर्च विक्रीच्या मागे धावतो असं आधीच धरलं, तर उत्तरही तेच येणार.

प्रत्यक्षात टेम्पोचं डिझेल विक्रीवर जळत नाही, किलोमीटरवर जळतं. ड्रायव्हरचा वेळ थांब्यांवर जातो. गोदामातल्या पोराला शंभर बॉक्स एकाच मालाचे काढायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ बारा प्रकारचा एकेक माल शोधायला लागतो. व्याज उधारीच्या दिवसांवर चढतं. तेव्हा प्रत्येक खर्चाला विचारायचं, 'बाबा, तू कशामुळे वाढतोस?' आणि ज्यामुळे तो वाढतो, त्या मापाने तो वाटायचा. व्यवस्थापनाच्या भाषेत याला 'कॉस्ट टु सर्व्ह' म्हणतात. म्हणजे माल बनवण्याचा किंवा विकत घेण्याचा खर्च नव्हे, तर तो त्या विशिष्ट गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवून पैसे वसूल होईपर्यंतचा खर्च.

वरचे १,३०,००० असे फोडू. टेम्पोचा हप्ता, विमा, ड्रायव्हर आणि हेल्पर मिळून ३१,५००. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज सात तास, म्हणजे १०,५०० मिनिटं टेम्पो कामाला मिळतो, तेव्हा मिनिटाला ३ रुपये. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग किलोमीटरला ८ रुपये, १,५०० किलोमीटरचे १२,०००. दोन सेल्समनचा पगार व पेट्रोल ३६,०००, त्यांची कामाची मिनिटं १८,०००, म्हणजे मिनिटाला २ रुपये. गोदामाचे २१,००० आणि महिन्यात बिलांवर मालाच्या ७,००० ओळी, तर ओळीला ३ रुपये. बिलिंग आणि वसुलीचे १०,०००, बिलं १,०००, म्हणजे बिलाला १० रुपये. बाजारात अडकलेल्या १४ लाखांवर महिना एक टक्क्याने व्याज १४,०००. उरलेले ५,५०० म्हणजे मार्जिनवर दिलेली वरची सूट आणि कंपनीने भरून न दिलेला खराब माल.

यात मिनिटांबद्दल एक खाचखळगा आहे. टेम्पोला १०,५०० मिनिटं मिळतात, पण समजा तो ८,५०० मिनिटंच खऱ्या कामात असतो. मग भागाकार कशाने करायचा? पुष्कळजण ८,५०० ने करतात आणि दर चढा निघतो. त्यामुळे रिकाम्या उभ्या टेम्पोचा खर्चही बिचाऱ्या दुकानदारांच्या डोक्यावर बसतो. भागाकार मिळणाऱ्या वेळेनेच करावा आणि जो वेळ वापरलाच गेला नाही, त्याचा खर्च 'रिकामा वेळ' म्हणून वेगळा दाखवावा. तो गिऱ्हाइकाचा दोष नाही, तुमच्या नियोजनाचा आहे. स्टीव्हन अँडरसन आणि हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट कॅपलान यांनी २००४ मध्ये मिनिटांवर आधारलेली ही रीत मांडली, तेव्हा त्यांचाही भर याच मुद्द्यावर होता.

आता तुमचं नेसरी लाइनचं दुकान घेऊ. त्याची विक्री महिन्याला दीड लाख, मार्जिन ७,५०० रुपये. ठरलेली फेरी आठवड्यातून दोनदा जाते, म्हणजे महिन्यात आठ वेळा. पण अधूनमधून फोन येतो. तो तुमच्या ओळखीचा असेल : 'शेठ, तेवढे दोन बॉक्स चहाचे पाठवा की. टेम्पो इकडंच येतोय न्हवं?' टेम्पो तिकडं येत नसतो, पण मोठं गिऱ्हाईक म्हणून पाठवला जातो. अशा सहा जादा खेपा धरू. जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि १०० मिनिटं, म्हणजे एका खेपेला डिझेलचे ३२० आणि वेळेचे ३०० मिळून ६२० रुपये. सहा खेपांचे ३,७२०.

ठरलेल्या फेरीत वीस दुकानं आहेत, तेव्हा रस्त्याच्या खर्चातला याचा वाटा दर खेपेला सुमारे ३० रुपये, आठ वेळचे २४०. पण इथं माल उतरवून मोजून देईपर्यंत २५ मिनिटं जातात. त्याचे ६००. सेल्समन दर वेळी अर्धा तास बसतो, त्याचे ४८०. एकूण चौदा बिलं, प्रत्येकी बारा ओळी, म्हणजे गोदामाचे ५०४ आणि बिलिंगचे १४०. उधारी ४५ दिवसांची, म्हणजे कायम सव्वादोन लाख अडकलेले, त्यावर व्याज २,२५०. वरची दीड टक्का सूट आणखी २,२५०. परत आलेला, पण कंपनीने न भरून दिलेला माल ८००. बेरीज करा : १०,९८४ रुपये. मार्जिन ७,५००. जे दुकान हिशेबनीसांच्या वहीत १,००० रुपये नफ्याचं होतं, ते इथं ३,४८४ रुपये तोट्याचं निघालं.

त्याच फेरीवरचं एक लहान किराणा दुकान घ्या. महिन्याला १८,००० चा माल, मार्जिन ९००. आठवड्यातून एकदाच थांबा, सहा मिनिटांत माल उतरतो, सेल्समनची आठ मिनिटं, बिलावर आठ ओळी, पुढच्या आठवड्याला पैसे रोख. रस्त्याचा वाटा आणि थांबा मिळून १९२, सेल्समन ६४, गोदाम ९६, बिलिंग ४०, व्याज ४२. एकूण ४३४. शिल्लक ४६६. अशी आठ दुकानं मिळून त्या एका मोठ्या दुकानाचा तोटा भरून काढतात.

यातून 'मोठे वाईट आणि लहान चांगले' असा धडा मात्र घेऊ नका. ती दुसरी तितकीच चुकीची समजूत आहे. त्याच लहान दुकानाने दर आठवड्याला ६०० रुपयांचाच माल मागवला असता तर? थांब्यासाठी रस्त्याचे ३०, टेम्पोचा वेळ १८, सेल्समन १६, बिल १०, पाच ओळींचे १५, मिळून ८९ रुपये खर्च आणि ६०० वर मार्जिन ३०. ८९ रुपये मार्जिन मिळायला बिल १,७८० रुपयांचं हवं. तुमच्या लाइनवर साधारण अठराशेच्या खालचं बिल आपला खर्चही काढत नाही, हे या एका भागाकारातून कळतं. तोटा गिऱ्हाइकाच्या आकारात नसतो. किती वेळा, किती थोडं, किती प्रकारचं आणि किती उधार मागवलं जातं, त्यात तो असतो. म्हणून माणसांची यादी करण्याआधी ऑर्डरींची यादी करावी.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. कांथाल नावाची स्वीडनमधली कंपनी तापणाऱ्या तारा बनवते. १९८० च्या दशकात तिने असाच ग्राहकवार हिशेब मांडला आणि कॅपलान यांनी तो अभ्यासासाठी लिहून ठेवला. वरच्या २० टक्के ग्राहकांकडून कंपनीच्या एकूण नफ्याच्या २२५ टक्के नफा येत होता. मधले ७० टक्के ग्राहक जेमतेम बरोबरीत होते. आणि उरलेले १० टक्के ग्राहक त्यातला १२५ टक्के नफा खाऊन टाकत होते. सर्वांत जास्त तोट्याच्या ग्राहकांपैकी दोघे विक्रीच्या यादीत पहिल्या तिघांत होते. त्यात नवल काही नाही. लहान गिऱ्हाईक फार मोठा तोटा करूच शकत नाही, तेवढा माल ते घेतच नाही. मोठा तोटा करायला मोठंच गिऱ्हाईक लागतं. अनेकांना माहीत असलेला 'वीस टक्के ग्राहक ऐंशी टक्के विक्री देतात' हा नियम इथं फसवतो, कारण तो विक्रीबद्दल बोलतो, नफ्याबद्दल नाही.

मग सोडून द्यावं का? इथं थोडं थांबा. ते नेसरीचं दुकान उद्या बंद केलं तर नक्की काय वाचेल? जादा खेपांचं डिझेल १,९२०, व्याज २,२५०, सूट २,२५०, खराब माल ८००. एकूण ७,२२० रुपये. बाकीचे ३,७६४ म्हणजे ड्रायव्हर, हेल्पर, सेल्समन, गोदाम आणि बिलिंग यांचा वेळ, शिवाय ठरलेल्या फेरीतला रस्त्याचा वाटा. ड्रायव्हरचा पगार त्या दुकानासाठी कापला जाणार नाही, आणि फेरी उरलेल्या एकोणीस दुकानांसाठी जाणारच आहे. म्हणजे वाचतात ७,२२० आणि जातं ७,५०० चं मार्जिन. तोट्याचं गिऱ्हाईक काढून टाकलं आणि तुम्ही महिन्याला २८० रुपयांनी आणखी गरीब झालात! शिवाय दीड लाखाची विक्री गेल्याने कंपनीचं टार्गेट हुकलं आणि त्यावरची स्कीम गेली, तर नुकसान आणखी वाढलं.

हा विरोधाभास नाही. ३,४८४ चा तोटा सांगतो की हे दुकान तुमची साधनं त्यांच्या किमतीहून कमी पैशांत वापरतंय. पण मोकळी झालेली साधनं तुम्ही दुसरीकडे कामाला लावलीत तरच तो पैसा हातात येतो. सहा जादा खेपांची ६०० मिनिटं वाचवून टेम्पो हलकर्णीच्या बाजूला नवी पंधरा दुकानं करणार असेल, तर सोडण्यात अर्थ आहे. टेम्पो गोदामासमोर उभाच राहणार असेल, तर नाही. बरेच व्यापारी हा फरक न करता तावातावाने नावं कापतात. मग उरलेल्यांवर तोच स्थिर खर्च वाटला जातो आणि पुढच्या तिमाहीत आणखी काही 'तोट्याची' गिऱ्हाइकं तयार होतात.

म्हणून आधी गिऱ्हाईक नव्हे, त्याची सवय बदलून पाहा. ठरलेल्या दोन फेऱ्यांतच माल मिळेल, जादा खेप हवी तर तिचं भाडं वेगळं. उधारी ४५ वरून २१ दिवसांवर. आठ बिलं, प्रत्येकी सोळा ओळी. दीड टक्का सूट तशीच ठेवू, पण ती २१ दिवसांत पैसे आले तरच. नवा हिशेब असा : जादा खेपांचे ३,७२० गेले, व्याज २,२५० चं १,०५० झालं, गोदाम आणि बिलिंगमध्ये मिळून १८० वाचले. खर्च ५,८८४ वर आला आणि तेच दुकान १,६१६ रुपये नफ्यात गेलं. विक्री एका रुपयानेही घटली नाही. यातले जादा खेपांच्या वेळेचे १,८०० आणि गोदाम-बिलिंगचे १८० कागदावरचे आहेत, कारण ती माणसं पगारावर आहेतच. पण डिझेलचे १,९२० आणि व्याजाचे १,२०० पहिल्या महिन्यापासून खरोखर खिशात राहतात.

दुकानदाराशी बोलताना 'तुमच्यामुळे आम्हाला तोटा होतो' असं म्हणू नये. त्यात तथ्य असलं तरी ते ऐकून कोणीही चिडेल, आणि त्याला तो तोटा दिसतही नसतो. तुमचा टेम्पो फुकट येतो अशीच त्याची समजूत असते, कारण तुम्ही कधी भाडं सांगितलंच नाही. 'मालक, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराच्या आत माल तुमच्या दारात. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्या' एवढंच पुरे. पुष्कळदा असंही दिसतं की जादा फोन दुकानदाराच्या हट्टामुळे येत नाहीत, आपल्या सेल्समनने आधीच्या फेरीत नीट ऑर्डर न घेतल्यामुळे येतात. तेव्हा आधी आपलं घर तपासावं.

असाच आपल्याच घरात तयार होणारा एक नमुना म्हणजे महिनाअखेरची विक्री. टार्गेट गाठायला शेवटच्या चार दिवसांत सेल्समन दुकानांत माल कोंबतो : 'ठेवून घ्या, पैसे सावकाश द्या.' वहीत विक्री दिसते. पुढच्या महिन्यात त्यातला काही माल परत येतो, काहीची तारीख उलटते आणि उधारी मात्र लांबते. प्रत्येक दुकानाची महिन्याची विक्री पहिले पंचवीस दिवस आणि शेवटचे पाच दिवस अशी विभागून पाहा. शेजारी पुढच्या महिन्याचा परत आलेला माल मांडा. दोन्ही आकडे एकाच दुकानापुढे मोठे दिसले, तर तो खर्च दुकानदाराच्या खात्यावर टाकू नका. तो स्कीमच्या खात्यावर टाका आणि स्कीममधून आलेल्या पैशांशी ताडून पाहा. कधी स्कीम परवडते, कधी नाही.

आकडे गोळा करण्याबद्दल दोन गोष्टी. बिलांची संख्या, ओळी, तारखा, येणी हे सगळं तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहे, फक्त पार्टीवार काढावं लागतं. जे कुठंच नाही ते म्हणजे थांब्यावरची मिनिटं. त्यासाठी टेम्पोत एक वही ठेवा आणि हेल्परला दोन-तीन आठवडे पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ लिहायला सांगा. ही वही जुलैत लिहिली आणि तेवढ्यावरच वर्षाचा निकाल लावला, तर फसाल. पावसाळ्यात आजऱ्याच्या बाजूला वेळ वेगळा लागतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून वेगळा लागतो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात ऑर्डरींचाच आकार बदलतो. निदान दोन वेगवेगळ्या मोसमांतली नोंद घ्या.

उधारीचंही तसंच आहे. आपल्या भागात दुकानदाराचं गिऱ्हाईक उसाचं बिल आलं की खातं मिटवतं. कायद्याने उसाची रक्कम १४ दिवसांत मिळायला हवी, पण ती मिळायला उशीर झाला की गावातली उधारी लांबते आणि तुमचीही लांबते. त्या काळातले ४५ दिवस आणि वर्षभराचे ४५ दिवस यांत फरक करायला हवा. पहिला उशीर मोसमी आहे, दुसरा म्हणजे सवय आहे. आणि 'पैसा आपलाच आहे, व्याज कसलं?' असं म्हणून ही ओळ गाळू नका. बँकेचं कॅश क्रेडिट वापरत असाल तर व्याज रोख भरता. नसाल तर तोच पैसा कंपनीला लवकर भरून मिळणारी सूट तुम्ही सोडता.

सगळ्या गिऱ्हाइकांचा असा ताळेबंद पहिल्याच महिन्यात मांडायला बसू नका, चार दिवसांत कंटाळून सोडाल. विक्रीच्या यादीतले वरचे दहा आणि उधारीच्या यादीतले वरचे दहा काढा. पुष्कळ नावं दोन्हीकडे तीच असतील. तेवढ्यांचाच हिशेब वर सांगितल्याप्रमाणे करा, आणि नाव कापण्याची घाई न करता प्रत्येकासमोर 'बंद केलं तर रोख किती वाचेल' हा रकाना न विसरता ठेवा.